निजवेळेच्या गोष्टीचे मराठी रूपांतर : ‘तीन अस्वले’ या इंग्रजी कथेच्या आधारे

निजण्यापूर्वी तीन-चार वर्षांच्या मुलाला सांगावयाची गोष्ट ही वाचण्याची वस्तू नसून ऐकण्याची वस्तू असते, आणि तीही पुनःपुन्हा ऐकण्याची. ती ज्या शब्दांत काल सांगितली त्याच शब्दांत आज सांगावी, असा ऐकणाऱ्याचा आग्रह असतो. म्हणून अशा गोष्टीच्या भाषांतरात आशय पोचला म्हणजे काम झाले, असे म्हणता येत नाही. मूळ कथेतील वाक्ये ज्या ठरीव चालीने परत येतात ती चाल मराठीत उभी राहिली पाहिजे. ही चाल यमकांनी साधते असा समज रूढ आहे. मराठीत ती प्रथम साधते ती व्याकरणाने, विशेषतः नामांच्या लिंगाने आणि क्रियापदाच्या प्रयोगाने; यमकाचा क्रम त्यानंतरचा आहे. हा मुद्दा येथे एकाच कथेच्या आधारे तपशिलाने मांडला आहे. ती कथा म्हणजे इंग्रजीतील ‘तीन अस्वले’ ही सुप्रसिद्ध गोष्ट होय.

१. मूळ कथेचे रूप

ही कथा छापील स्वरूपात सर्वत्र गेली ती रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीमुळे. त्याच्या ‘द डॉक्टर’ या बहुखंडी ग्रंथात ती १८३७ साली आली. परंतु कथा त्याची स्वतःची नव्हे. एलिनॉर म्यूर या बाईने १८३१ मध्ये आपल्या लहानग्या भाच्यासाठी हीच कथा पद्यात रचून, स्वतः चित्रे काढून, हस्तलिखित रूपात तयार केली होती. साउदीच्या कथेत अस्वलांच्या घरात शिरते ती लहान मुलगी नसून एक म्हातारी आहे, आणि तीन अस्वले हे आई, बाप व मूल नसून एकत्र राहणारे तीन अस्वलदादा आहेत : एक प्रचंड, एक मध्यम, एक चिमुकला. जोसेफ कंडॉल याने १८५० च्या सुमारास म्हातारीच्या जागी एक लहान मुलगी आणली आणि तिचे नाव चांदीसारख्या केसांवरून ठेवले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीन अस्वलांचे कुटुंब झाले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मुलीचे केस सोनेरी होऊन तिला ‘गोल्डिलॉक्स’ हे आज परिचित असलेले नाव मिळाले.

हा इतिहास रूपांतरकाराच्या उपयोगाचा आहे. कथेतील पात्रे, त्यांची नाती, मुलीचे नाव, तिच्या केसांचा रंग आणि कथेचा शेवट ही सर्व अंगे इंग्रजीतच सत्तर-ऐंशी वर्षे बदलत राहिली. न बदललेल्या गोष्टी तीनच. पहिली, तीन आकारांच्या वस्तूंची तीन वेळा येणारी रांग : वाटी, खुर्ची आणि बिछाना. दुसरी, प्रत्येक रांगेतील पहिली वस्तू एका टोकाची, दुसरी दुसऱ्या टोकाची आणि तिसरी नेमकी हवी तशी असणे. तिसरी, घरी परतलेल्या अस्वलांचा एकाच वाक्यातला, परंतु तीन आवाजांतला प्रश्न. साउदीच्या कथेत हे तीन आवाज छपाईतही दाखविले होते. थोरल्या अस्वलाचे बोलणे मोठ्या टाइपात आणि धाकट्याचे अगदी बारीक टाइपात. जे शंभर वर्षे टिकले ते कथेचे हाड, आणि जे बदलले ते तिचे वस्त्र, असे मानण्यास हरकत नाही. रूपांतरात वस्त्र बदलावे; हाडास धक्का लावू नये.

२. तीन नामे आणि एक लिंग

इंग्रजी विशेषणाला लिंग नाही. त्यामुळे ‘मोठा’ या अर्थाचा शब्द वाटीपुढे येवो, खुर्चीपुढे येवो वा बिछान्यापुढे येवो, त्याचे रूप तेच राहते. मराठीत आकारान्त विशेषण नामाप्रमाणे बदलते. एखाद्या रूपांतरकाराने घरगुती शब्द म्हणून ‘वाडगा’, ‘खुर्ची’ आणि ‘अंथरूण’ ही नामे निवडली, तर त्याला ‘मोठा वाडगा’, ‘मोठी खुर्ची’, ‘मोठे अंथरूण’ असे म्हणावे लागेल. तिन्ही शब्द चांगले आहेत, परंतु रांग मोडते. मुलाच्या कानाला जो शब्द पुनःपुन्हा तसाच ऐकू यावयास हवा, तो दर वेळी वेगळा ऐकू येतो.

याहून मोहक चूक दुसरी आहे. मराठीत लिंगावरून आकार सुचविण्याची सोय आहे : हंडा व हंडी, सुरा व सुरी, डबा व डबी. साहजिकच एखाद्यास वाटते की तीन अस्वलांना तीन वेगळी नामे द्यावीत; बाबांचा ‘पलंग’, आईची ‘खाट’ आणि बाळाचे ‘बाजले’. शब्दसंपत्तीच्या दृष्टीने हे सुरेख दिसते. पण कथेचा सारा खेळ एकाच वस्तूच्या तीन मापांवर उभा आहे. पलंग, खाट आणि बाजले ही तीन मापे नव्हेत, तीन वस्तू आहेत. तुलना करण्यासाठी जी समानता लागते तीच येथे नाहीशी होते.

यातून सुटण्याचा मार्ग सरळ आहे. एकाच लिंगाची तीन नामे शोधावीत आणि ती प्रत्येक रांगेत कायम ठेवावीत. ‘वाटी’, ‘खुर्ची’, ‘खाट’ ही तिन्ही नामे स्त्रीलिंगी आहेत, तिन्ही घरातील आहेत आणि लहान मुलास ठाऊक आहेत. आता ‘मोठी, मधली, छोटी’ ही विशेषणे अखेरपर्यंत रूप न बदलता चालतात. नेमके बेताचे या अर्थाने ‘हवी तशी’ हे शब्द घेतले तर तेही तिन्ही ठिकाणी तसेच राहतात. इंग्रजीत जी एकरूपता भाषेच्या स्वभावानेच मिळाली होती, ती मराठीत नामांच्या निवडीने मिळविता येते.

येथे ‘पाट’ का नको, असा प्रश्न निघेल, कारण जेवावयास बसण्याची मराठी वस्तू पाट हीच. त्याची दोन कारणे आहेत. पाट हे नाम पुल्लिंगी असल्यामुळे रांग तुटते, हे एक. आणि कथेत धाकट्या अस्वलाचे आसन मुलीच्या भाराने मोडावयाचे आहे. जमिनीला टेकलेला पाट मुलाच्या वजनाने मोडत नाही, हे दुसरे. तीन वर्षांचा श्रोताही ही हरकत घेतो.

३. मात्रांचा हिशेब

इंग्रजी बालकथेची लय आघातांवर चालते. आघातयुक्त अवयवांमधील अंतर सारखे ठेवले की मधले अवयव कमीअधिक झाले तरी चालतात. मराठीत कान मात्रा मोजतो. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मात्रांच्या आवर्तनांवरून जातिरचनेचे जे वर्ग पाडले आहेत, त्यांत आठ मात्रांचे पद्मावर्तन मराठी मुलांच्या तोंडी असलेल्या गाण्यांस अतिशय जवळचे आहे. लघु अक्षराची एक मात्रा व गुरू अक्षराच्या दोन, या नेहमीच्या हिशेबाने वर निवडलेले शब्द पाहावेत.

‘मोठी’ च्या मात्रा चार. ‘मधली’ च्या चार. ‘छोटी’ च्या चार. ‘वाटी’ च्या चार, आणि ‘खुर्ची’ च्याही चार, कारण जोडाक्षरापूर्वीचा ‘खु’ गुरू होतो. ‘खाट’ च्या मात्र तीन. म्हणजे ‘मोठी वाटी’ आठ, ‘मोठी खुर्ची’ आठ आणि ‘मोठी खाट’ सात. ही एक उणी मात्रा दोष नव्हे. रांगेच्या अखेरीस आवर्तन जरा अपुरे राहिले की सांगणारा तेथे आपोआप थांबतो आणि ऐकणाऱ्यास रांग पुरी झाल्याचे कळते. पात्रांच्या नावांतही हीच आकृती मिळते : ‘अस्वलबाबा’ आठ, ‘अस्वलआई’ आठ, ‘अस्वलबाळ’ सात.

आता दोन टोके आणि मध्य यांचे शब्द. ‘फार’ च्या तीन मात्रा. तिच्यापुढे तीन मात्रांचा कोणताही शब्द ठेवला तर सहा मात्रा होतात. ‘गरम’, ‘गार’, ‘टणक’, ‘मऊ’, ‘उंच’, ‘खोल’ हे सहाही शब्द तीन मात्रांचे आहेत. ‘हवी तशी’ च्या मात्राही सहाच. म्हणजे ‘मोठी वाटी’ या आठ मात्रांच्या पूर्ण आवर्तनानंतर ‘फार गरम’ हे सहा मात्रांचे आवर्तन येते आणि दोन मात्रांची जागा रिकामी राहते. ही रिकामी जागा अत्यंत मोलाची आहे. पहिल्या रात्री तेथे आई श्वास घेते. चौथ्या-पाचव्या रात्री ती ‘छोटी वाटी’ एवढेच म्हणून थांबते आणि ‘हवी तशी’ हे शब्द मूल म्हणते.

या हिशेबास एक मर्यादा आहे. लेखनातील मधला अकार बोलताना पुष्कळदा गळतो. ‘मधली’ हा शब्द ‘मध्‌ली’ असा उच्चारला तरी मात्रा चारच राहतात, कारण दोन लघूंच्या जागी एक गुरू येतो. परंतु ‘ओढली’, ‘चेपली’ यांसारख्या शब्दांत अकारापूर्वी दीर्घ स्वर असल्यामुळे लेखनाप्रमाणे पाच मात्रा होतात आणि उच्चाराप्रमाणे चार. अशा ठिकाणी निजवेळेच्या गोष्टीने लेखनाचा हिशेब सोडून उच्चाराचा धरावा. कागदावर बिनचूक असलेली ओळ आईच्या तोंडी अडखळत असेल, तर चूक ओळीची आहे.

४. अस्वलांचा प्रश्न आणि कर्मणि प्रयोग

कथेचा कळस म्हणजे परत आलेल्या अस्वलांचे पालुपद. इंग्रजीत ‘कोणीतरी’ या अर्थाचा कर्ता आणि पुढे एकाच घडणीचे विधान असा साचा तीन वस्तूंसाठी तीन-तीन वेळा येतो. त्याचे शब्दशः भाषांतर ‘माझ्या लापशीला कोणीतरी हात लावलेला आहे’ असे काही होते. अर्थ बरोबर आहे, पण अस्वल फिर्याद नोंदवीत आहे असे वाटते.

मराठीची अडचण क्रियापदांत आहे. खाणे हे सकर्मक, तर बसणे व झोपणे ही अकर्मक. म्हणून सहज बोलताना ‘माझी पेज कोणी खाल्ली’, ‘माझ्या खुर्चीवर कोण बसले’, ‘माझ्या खाटेवर कोण झोपले’ अशी वाक्ये तोंडात येतात. यांत साचा मोडतोच. ‘माझी’ चे ‘माझ्या’ होते, ‘कोणी’ चे ‘कोण’ होते आणि मात्रा विस्कटतात. पण याहून सूक्ष्म हानी निराळीच आहे. अकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी कर्तरि प्रयोगात क्रियापद कर्त्याचे लिंग घेते. अस्वलाने ‘कोण बसला’ म्हणावे की ‘कोण बसली’? पहिल्याने श्रोत्याची दिशाभूल होते, दुसऱ्याने अस्वलास आधीच सर्व कळले आहे असे होते. ‘कोण बसलं’ असे नपुंसकलिंगी रूप वापरून वेळ मारून नेता येते, पण साचा मोडल्याचा दोष तसाच राहतो.

सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी कर्मणि प्रयोगात क्रियापद कर्माशी जुळते आणि कर्त्याचे लिंग झाकलेले राहते. म्हणून तिन्ही वाक्यांत सकर्मक क्रियापदच योजावे, म्हणजे दोन्ही अडचणी एकदम दूर होतात :

कोणी खाल्ली माझी पेज?
कोणी ओढली माझी खुर्ची?
कोणी चेपली माझी खाट?

तिन्ही कर्मे स्त्रीलिंगी असल्यामुळे तिन्ही क्रियापदे ‘ली’ ने संपतात. येथे यमक मुद्दाम जुळविलेले नाही. प्रयोगाने ते आपोआप दिले आहे. पहिल्या ओळीचे माप आठ आणि सात, दुसरीचे आठ आणि आठ, तिसरीचे पुन्हा आठ आणि सात. शिवाय इंग्रजीतील विधानाचा मराठीत प्रश्न झाला. ‘कोणी’ या रूपात ‘कोणीतरी’ आणि ‘कोणत्या व्यक्तीने’ हे दोन्ही अर्थ आहेत. आवाज वर चढविला की प्रश्न होतो. उत्तर ठाऊक असलेला श्रोता ते सांगावयास टपलेला असतो, तेव्हा हा बदल कथेच्या हिताचाच आहे.

तीन अस्वलांनी हा प्रश्न तंतोतंत त्याच शब्दांत विचारला पाहिजे. बाळाच्या तोंडी बोबडे शब्द घालण्याची मराठी रूपांतरकारास फार हौस असते. परंतु गंमत शब्दभेदात नाही, आवाजभेदात आहे. शब्द तेच, आवाज मात्र जाड, मध्यम, बारीक. साउदीने टाइप लहानमोठा केला तो याचसाठी. शब्द बदलले तर आवाजाचा फरक ऐकू येत नाही.

‘अस्वल’ हे मराठीत नपुंसकलिंगी नाम आहे, आणि तेही येथे सोयीचेच ठरते. कुटुंब म्हणून ‘तीन अस्वलं’ नपुंसकलिंगात येतात. पुढे ‘बाबा म्हणाले’, ‘आई म्हणाली’, ‘बाळ म्हणालं’ अशी तीन निरनिराळी रूपे मिळून प्रत्येकाची ओळख क्रियापदातूनच होते. ग्रांथिक लेखनात मात्र आदरार्थी ‘बाबा म्हणाले’ आणि नपुंसकलिंगी ‘बाळ म्हणाले’ एकसारखे दिसतात. म्हणून अशा गोष्टीत बोलण्यातील अनुस्वारयुक्त रूपच छापावे.

५. पेज की खीर

मूळ कथेतील पदार्थ ओट शिजवून केलेली दाट पेज हा ब्रिटनमधील रोजच्या न्याहारीचा पदार्थ आहे. मराठीत त्यासाठी लापशी, खीर, पेज असे पर्याय निघतात, आणि हे तिन्ही शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे व्याकरण कोणासही आडवे येत नाही. निवड करावयाची ती कथेच्या गरजेवरून. पदार्थ कढत असला पाहिजे, कारण तो निवेपर्यंत अस्वले फिरावयास जातात. तो वाटीत मावला पाहिजे. आणि तो रोजचा असला पाहिजे.

यांपैकी तिसरी अट महत्त्वाची आहे. ‘खीर’ हा शब्द मुलास सर्वांत प्रिय, म्हणून रूपांतरकाराचा हात प्रथम त्याच्याकडे वळतो. परंतु मराठी घरांत खिरीच्या चोरीची एक जुनी गोष्ट आधीच सांगितली जाते. ‘बुडबुड घागरी’ या नावाने परिचित असलेल्या त्या लोककथेत खीर कोणी खाल्ली याचा निवाडा पाण्यात घागरीवर बसून शपथ घेण्याने होतो, आणि ज्याने खाल्ली तो बुडतो. ‘कोणी खाल्ली माझी खीर’ असा प्रश्न कानी पडताच या गोष्टीचा सगळा न्याय मागोमाग येतो; मुलाला आता शपथ आणि शिक्षा हवी असते. दिवसा सांगावयाच्या गोष्टीस ते चालेल. निजवेळेच्या गोष्टीत, जिचा श्रोता स्वतःला त्या मुलीच्या जागी पाहत असतो, ते चालत नाही.

पेजेला असा इतिहास नाही. कोकणात आणि गोव्यात ती सकाळचे साधे अन्न आहे. तांदूळ पुष्कळ पाण्यात मऊ शिजवून, मीठ घालून, ऊन ऊन घेतात. ती कोणी संपविली तर न्याहारी बुडते, गुन्हा घडत नाही. देशावर मात्र पेज म्हणजे आजाऱ्याचे अन्न अशी समजूत आढळते. तेथे लापशी अधिक घरगुती वाटेल, परंतु ‘माझी पेज’ या सात मात्रांच्या जागी ‘माझी लापशी’ हे शब्द घातले की लेखनाप्रमाणे मात्रा नऊ होतात आणि आवर्तन सांडते. तेव्हा लापशी घ्यावयाची असल्यास ‘माझी’ हा शब्द सोडून ‘कोणी खाल्ली लापशी’ असे पालुपद करावे लागेल. त्यात मालकीचा ठसका जातो. हा तोटा पत्करावा की शब्दाचे परकेपण पत्करावे, हे ज्या घरांसाठी पुस्तक आहे त्यांवरून ठरावे.

मुलीच्या नावाचेही असेच. सोनेरी केस मराठी मुलाच्या अनुभवात नाहीत. ते ठेवले तर चित्रापुरते खरे आणि घरापुरते परके. ‘सोनी’ या नावात सोने राहते, केस जातात आणि चार मात्रा मिळतात.

६. कथेचे रूपांतरित शब्द

वरील निर्णयांनुसार कथेचा गाभा असा उभा राहतो :

रानामध्ये होतं घर.
घरात होती अस्वलं तीन :
अस्वलबाबा, अस्वलआई, अस्वलबाळ.

बाबांची ती मोठी वाटी.
आईची ती मधली वाटी.
बाळाची ती छोटी वाटी.
वाटीमध्ये पेज गरम,
म्हणून गेली फिरायला.

सोनी आली. दार उघडं.
मोठी वाटी – फार गरम.
मधली वाटी – फार गार.
छोटी वाटी – हवी तशी!

मोठी खुर्ची – फार टणक.
मधली खुर्ची – फार मऊ.
छोटी खुर्ची – हवी तशी!
मोडली पार.

मोठी खाट – फार उंच.
मधली खाट – फार खोल.
छोटी खाट – हवी तशी!

यानंतर तीन अस्वलांचे तीन प्रश्न त्याच क्रमाने येतात आणि प्रत्येक रांगेच्या अखेरीस बाळाच्या प्रश्नाला एक तुकडा अधिक जोडला जातो : पेजेस ‘संपली सगळी’, खुर्चीस ‘मोडली पार’, खाटेस ‘इथे बघा’. दोरीने विणलेली खाट सैल झाली की मध्ये खोल जाते, त्यामुळे ‘फार खोल’ हे शब्द मराठी खाटेला चपखल बसतात. मूळ कथेत बिछाना उशाकडे वा पायथ्याकडे उंच असल्याची तक्रार आहे, ती येथे सोडली आहे.

एका विसंगतीस मात्र हात लावू नये. मोठी वाटी कढत आणि मधली गार असेल तर सर्वांत लहान वाटी त्याहून गार असावयास हवी, हे उघड आहे. एखादा दक्ष रूपांतरकार ही चूक सुधारून मधली वाटी ‘हवी तशी’ करील. पण तसे केले की समाधान दुसऱ्या जागी येते आणि तिसरी जागा पोकळ राहते. तिन्ही रांगांत समाधान बाळाच्या वस्तूपाशीच मिळावे, ही कथेची खूण आहे.

७. शेवट आणि निद्रा

साउदीच्या कथेत म्हातारी खिडकीतून उडी टाकते आणि पुढे तिचे काय झाले ते अनिश्चितच राहते. म्यूर बाईच्या पद्यात तर तिला सेंट पॉलच्या मंदिराच्या कळसावर फेकतात. नंतरच्या आवृत्त्यांत मुलगी पळून जाते, एवढेच. या सर्व शेवटांत एक गोष्ट समान आहे : कथेतील सर्वांत मोठी गडबड अगदी अखेरीस होते. निजवेळेला हे अडचणीचे आहे, कारण बाळाच्या किंचाळीने सोनी जागी होते तशी ऐकणारी सोनीही जागी होते.

जाग येणे गाळले तर कथाच राहत नाही. म्हणून उपाय तिच्यानंतर करावयाचा. ज्या तीन नामांनी कथा चढली त्याच तीन नामांनी ती उतरवावी :

झटपट उठली, पळत गेली.
घरची वाटी, घरची खुर्ची, घरची खाट.
सोनी झोपी गेली शांत.

‘घरची’ च्या मात्रा चार असल्यामुळे मधल्या ओळीत पुन्हा आठ, आठ व सात ही ओळखीची आकृती मिळते. परक्या घरी ‘हवी तशी’ मिळालेली वस्तू आपल्या घरी आपसूक मिळते, हे न सांगता कळते. तात्पर्य जोडण्याची गरज राहत नाही.

पहिल्या व शेवटच्या ओळींतील फरक विशेष पाहण्यासारखा आहे. ‘झटपट उठली’ या आठ मात्रांत लेखनाप्रमाणे सात अक्षरे आहेत, आणि त्यांतील सहा लघू. ‘सोनी झोपी’ या तितक्याच मात्रांत चारच अक्षरे, आणि सर्व गुरू. आवर्तनाचे माप तेच राहून अक्षरे विरळ झाली की सांगणाऱ्याचा आवाज न सांगता मंदावतो. गती कमी करण्यासाठी ‘हळूहळू’ असे शब्द पेरावे लागत नाहीत. गुरू अक्षरे ते काम करतात. मराठीच्या मात्रिक लयीला हे जितक्या सहजतेने साधते तितके इंग्रजीच्या आघातयुक्त लयीला साधत नाही, आणि येथे रूपांतर मुळाच्या पुढे एक पाऊल जाऊ शकते.

८. रूपांतराची कसोटी

अशा मजकुराची परीक्षा मुद्रितावर होत नाही. तो एका मोठ्या माणसाने एकाच मुलास निदान आठ रात्री वाचून दाखवावा आणि तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे. वाचणारा ज्या ठिकाणी दर वेळी अडखळतो, तेथे मात्रांचा वा उच्चाराचा दोष असतो. वाचणारा ज्या ठिकाणी छापील शब्दाऐवजी नकळत दुसरा शब्द घालतो, तेथे छापील शब्द घरातला नसतो. ‘उष्ण’ चे ‘गरम’ आणि ‘शय्या’ चे ‘खाट’ अशीच होतात. आणि वाचणारा ‘छोटी वाटी’ म्हणून थांबला असता मूल पुढचे शब्द बोलत नसेल, तर रांगेत कोठेतरी रूप बदललेले असते. ही तिसरी खूण सर्वांत विश्वसनीय आहे, कारण मूल लिंग, प्रयोग वा मात्रा यांपैकी काही जाणत नाही; पुढचा शब्द त्याला आधीच ऐकू आला तरच ते तो बोलते.

या रीतीने काही गमावलेही जाते. साउदीच्या कथनातील म्हातारीविषयीचा खोचक विनोद, सोनेरी केसांची प्रतिमा आणि ओटच्या पेजेसह येणारी ब्रिटिश सकाळ मराठी पाठात उरत नाही. मोठ्या वाचकासाठी केलेल्या भाषांतरात हे गमावणे क्षम्य ठरणार नाही. अंधारात डोळे मिटून ऐकणाऱ्याकडे मात्र पुढचा शब्द कोणता येणार एवढीच एक खात्री असते, आणि रूपांतरकाराने तीच प्रथम राखावयाची असते.